ग्रेड २ फॅटी लिव्हर: वजन किती उतरवावे आणि किती काळात?

प्रश्न: माझे वय ४४, उंची १६८ सेंटिमीटर आणि वजन ८४ किलो आहे. नाशिकला अंबड एमआयडीसीत शिफ्टची नोकरी करतो. कंपनीच्या वार्षिक तपासणीत सोनोग्राफीवर ग्रेड २ फॅटी लिव्हर आले. एसजीपीटी ७८, एसजीओटी ४६, प्लेटलेट २ लाख ४० हजार, एचबीए१सी ६.१. दारू महिन्यातून एक-दोनदा. दिवाळीपर्यंत, म्हणजे महिनाभरात, दहा किलो कमी करायचे ठरवले आहे. त्यासाठी रात्रीचे जेवण बंद केले आहे. मेहुण्याने दिलेली वजन उतरवायची पावडरही तपासणीच्या दोन आठवडे आधीपासून घेतो आहे. एवढे केले तर लिव्हर पूर्ववत होईल का?

उत्तर: तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून तुमचे यकृत पूर्ववत होण्याची शक्यता चांगली आहे. मात्र त्यासाठी महिना नव्हे, तर साधारण आठ ते दहा महिने धरावे लागतील. पावडर आजच बंद करावी आणि रात्रीचे जेवण पुन्हा सुरू करावे.

पावडरीचा विषय आधी घेतो, कारण तिच्यामुळे तुमच्या अहवालाचा अर्थच धूसर झाला आहे. वजन उतरवण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या अनेक मिश्रणांत ग्रीन टीचा तीव्र अर्क किंवा गार्सिनिया नावाच्या फळाचा अर्क असतो, आणि या दोन्हींमुळे काही व्यक्तींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. काही डब्यांवर घटकांची पूर्ण यादीही नसते. एसजीपीटी आणि एसजीओटी ही यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारी विकरे आहेत. तुमचा एसजीपीटी ७८ आला तेव्हा पावडर सुरू होऊन दोन आठवडे झाले होते. त्यामुळे या ७८ पैकी किती भाग चरबीचा आणि किती पावडरीचा, हे आज कोणालाच सांगता येणार नाही. पावडर थांबवून चार ते सहा आठवड्यांनी लिव्हर फंक्शन टेस्ट पुन्हा करावी आणि तोच आकडा पुढच्या तुलनेसाठी आरंभबिंदू मानावा. त्याच वेळी हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या चाचण्याही करून घ्याव्यात. सोनोग्राफीवर चरबी दिसली म्हणजे एसजीपीटी वाढण्याचे दुसरे कारण नसेलच असे नाही, आणि या दोन चाचण्या राहून गेलेल्या फाइली माझ्यासमोर नेहमी येतात. दरम्यान डोळे पिवळे किंवा लघवी गडद पिवळी दिसू लागली, किंवा अन्नावरची वासनाच उडाली, तर चार आठवडे थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

आता तुम्ही नेमके कुठे उभे आहात ते पाहू. ‘ग्रेड २’ या शब्दाने बहुतेकांची झोप उडते, पण सोनोग्राफीचा ग्रेड फक्त चरबी किती दिसते एवढेच सांगतो. यकृताचे पुढे काय होणार हे चरबीपेक्षा फायब्रोसिसवर, म्हणजे आत धरलेल्या व्रणासारख्या तंतूंवर, अवलंबून असते. त्याची टप्पेवारी वेगळी असून ती एफ० ते एफ४ अशी मोजतात. एफ४ म्हणजे सिरॉसिस. फायब्रोसिसचा पहिला अंदाज घेण्यासाठी कोणतीही महागडी चाचणी लागत नाही. तुमच्याजवळ असलेल्या आकड्यांतून ‘फिब-४’ नावाचा निर्देशांक काढता येतो. वयाला एसजीओटीने गुणायचे आणि त्या गुणाकाराला प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ, याने भागायचे. तुमच्या बाबतीत ४४ गुणिले ४६ म्हणजे २०२४. ७८ चे वर्गमूळ सुमारे ८.८, ते २४० ने गुणले की जवळपास २१२०. भागाकार येतो ०.९५. हा आकडा १.३ च्या खाली असेल तर पुढारलेला फायब्रोसिस असण्याची शक्यता कमी समजतात, आणि २.६७ च्या वर असेल तर तज्ज्ञांकडे जाण्यात दिरंगाई करू नये. मधल्या पट्ट्यातल्यांना यकृताचा ताठरपणा मोजणारी फायब्रोस्कॅन ही चाचणी करायला सांगतात. (पासष्टीच्या पुढे खालची मर्यादा २ धरतात आणि पस्तिशीच्या आत हा निर्देशांक फारसा भरवशाचा नसतो.) पावडर थांबवल्यानंतरच्या अहवालावर हेच गणित पुन्हा करून पाहावे. तेव्हाही आकडा १.३ च्या आतच राहिला, तर तुमचा आजार वजन उतरवून मागे फिरवता येण्याच्या अवस्थेत आहे असे मानायला चांगला आधार मिळेल.

ही चरबी यकृतात येते कुठून, हे समजले की उपायाची दिशा आपोआप कळते. बहुतेकांना वाटते की तेल-तूप खाल्ले, ते थेट यकृतात जाऊन बसले. प्रत्यक्षात यकृतातील चरबीचा मोठा वाटा शरीराच्या स्वतःच्या चरबीसाठ्यातून, विशेषतः पोटाच्या आसपासच्या साठ्यातून, रक्तावाटे येतो. इन्शुलिनचे एक काम हा साठा रोखून धरण्याचे असते. तुमचा एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखरेचा आकडा, ६.१ आहे, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे, आणि अशा वेळी शरीर इन्शुलिनचे नीट ऐकत नसते. साठ्यातून मेदाम्ले सतत पाझरत राहतात आणि यकृताला ती पोटात घ्यावी लागतात. दुसरा लक्षणीय वाटा यकृत स्वतः साखरेपासून तयार करते, आणि त्यात चहातली साखर, शीतपेये, फळांचे रस यांचा हात मोठा असतो. थेट ताटातल्या स्निग्ध पदार्थांतून येणारा वाटा या दोन्हींपेक्षा लहान आहे. म्हणूनच ‘तूप पूर्ण बंद, चहा मात्र पाच कप’ हे पथ्य मला कधीच पटले नाही.

वजन किती उतरले की काय सुधारते, याचे बऱ्यापैकी स्पष्ट उंबरठे आता माहीत आहेत, आणि ते किलोंत नव्हे तर सुरुवातीच्या वजनाच्या टक्क्यांत मोजले जातात. ३ ते ५ टक्के वजन कमी झाले की यकृतातील चरबी मोजता येईल इतकी घटते. पेशींची सूज शमण्यासाठी साधारण ७ टक्के किंवा त्याहून अधिक घट लागते. तयार झालेला फायब्रोसिस मागे फिरण्यासाठी १० टक्क्यांचे लक्ष्य ठेवतात. क्यूबामध्ये झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, यकृताला सूज आलेल्या २९३ रुग्णांना वर्षभर आहार आणि व्यायामावर ठेवून आधी व नंतर यकृताचा तुकडा तपासण्यात आला. ज्यांनी १० टक्के किंवा अधिक वजन कमी केले, त्यांच्यापैकी ९० टक्के जणांची सूज पूर्ण गेली आणि ४५ टक्के जणांचा फायब्रोसिस कमी झाला. अर्थात या गटात पोहोचलेले रुग्ण थोडेच होते, हेही ध्यानात ठेवावे. तुमच्या हिशेबात ५ टक्के म्हणजे ४.२ किलो, ७ टक्के म्हणजे सुमारे ६ किलो आणि १० टक्के म्हणजे ८.४ किलो. म्हणजे पहिला टप्पा ८० किलो, दुसरा ७८ आणि अखेरचा साडेपंचाहत्तर. वजन ‘आदर्श’ होण्याची गरज नाही. उंचीच्या मानाने ७५ किलोला तुम्ही भारतीय निकषांनुसार स्थूलच ठराल, आणि तरीही तुमचे यकृत जवळपास स्वच्छ झालेले असू शकते.

मग महिन्यात दहा किलो का नको? आधी साधे गणित पाहू. एक किलो शारीरिक चरबीत अंदाजे ७७०० कॅलरी साठलेल्या असतात. दहा किलो चरबी तीस दिवसांत जाळायची तर रोज सुमारे २५६० कॅलरींची तूट हवी. तुमच्या वयाच्या, वजनाच्या आणि अशा नोकरीतल्या माणसाचा दिवसाचा एकूण खर्चच २३०० ते २४०० कॅलरींच्या आसपास असतो. म्हणजे महिनाभर पाण्याखेरीज काहीही घेतले नाही, तरी दहा किलो चरबी जाणार नाही. काट्यावर दहा किलो उतरलेले दिसलेच तर त्यातला मोठा भाग पाणी आणि स्नायू यांचा असेल. पहिल्या आठवड्यात वजन झपकन उतरते त्याचे कारणही हेच आहे: यकृतातील आणि स्नायूंतील साठवलेली साखर संपते आणि तिच्यासोबत धरून ठेवलेले पाणी बाहेर पडते.

स्नायू जाणे हा निव्वळ दिसण्याचा प्रश्न नाही. जेवणानंतर रक्तातील साखर उचलून घेण्याचे सर्वांत मोठे ठिकाण स्नायू हेच आहे. ते झिजले की इन्शुलिनची कुचंबणा वाढते, दिवसाचा खर्च घटतो, आणि दिवाळीनंतर नेहमीचे जेवण सुरू होताच वजन परत चढते. पण चढताना स्नायू चढत नाहीत, चरबी चढते. अशा दोन-तीन फेऱ्या झालेल्या रुग्णांचे वजन पूर्वीइतकेच असते, पण कमरेचा घेर मात्र वाढलेला असतो.

दुसरा धोका पित्ताशयाचा आहे आणि त्याबद्दल रुग्णांना सहसा कोणी सांगत नाही. वजन वेगाने उतरताना यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडते, आणि जेवण टाळल्यामुळे किंवा ताटातले तेल-तूप पूर्ण काढून टाकल्यामुळे पित्ताशय पुरेसे आकुंचन पावत नाही. साचलेल्या पित्तात खडे धरतात. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वेगाने वजन उतरत असेल तर हा धोका ठळकपणे वाढतो. जेवणानंतर तास-दोन तासांनी उजव्या बरगडीखाली उठणारी आणि पाठीत उजव्या खांद्याकडे जाणारी कळ ही त्याची खूण आहे. तिला ‘ॲसिडिटी’ म्हणून गोळ्या घेत बसू नये.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. वेगाने वजन उतरवल्यास यकृतातील चरबी कमी होत नाही, असे मुळीच नाही. ती तर आहार घटवल्यापासून काही दिवसांतच कमी होऊ लागते. स्थूलतेच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखालील अत्यल्प कॅलरींच्या आहारावर वजन झपाट्याने उतरते आणि यकृत सुधारतेही. पण तेथे प्रथिने मोजून दिलेली असतात, रक्ताच्या तपासण्या ठरावीक अंतराने होतात आणि खडे होऊ नयेत म्हणून अनेकदा औषधही दिले जाते. रात्रपाळी करत, मनानेच जेवण तोडून केलेला प्रयोग आणि हा उपचार यांची तुलना होऊ शकत नाही. शिवाय वेगाने उतरलेल्या वजनाचा फायदा वजन टिकले तरच टिकतो. यकृत जितक्या चटकन रिकामे होते, तितक्याच चटकन पुन्हा भरते.

तुमच्यासाठी रोज ५०० कॅलरींची तूट पुरेशी आहे. त्यातून सुरुवातीला आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास वजन उतरते. आणि ही तूट जेवण बंद न करता कोठून काढता येते, ते तुमच्याच दिनक्रमात शोधू. शिफ्टमध्ये पाच कप चहा होत असेल आणि प्रत्येकात दोन चमचे साखर असेल, तर तेथेच ५० ग्रॅम साखर, म्हणजे २०० कॅलरी आहेत. साखर एकदम सोडवत नसेल तर आधी कप तीनवर आणावेत आणि चमचा अर्धा करावा. दुसरे म्हणजे घरातले तेल. महिन्याला घरात किती तेल येते ते माणसांच्या संख्येने भागून पाहा. माणशी एक लिटर भरत असेल तर रोजच्या सुमारे २७० कॅलरी केवळ तेलातून जातात. ते ६०० मिलिलिटरवर आणले की शंभराहून अधिक कॅलरी वाचतात आणि पित्ताशयाला लागणारा स्निग्धांशही मिळत राहतो. उरलेल्या दोनशेंसाठी कँटीनमधला वडापाव किंवा चहासोबतची खारी-बिस्किटे, यांपैकी जे तुमच्या दिवसात आहे ते काढावे.

रात्रपाळीच्या आठवड्यात खरी गल्लत रात्री दोनच्या सुमारास होते. जेवण टाळून आलेला माणूस त्या वेळी समोर येईल ते खातो. त्यापेक्षा कामावर निघण्यापूर्वी, आठच्या आत, पूर्ण जेवण करावे: दोन भाकऱ्या किंवा पोळ्या, वाटीभर मटकी, मूग किंवा हरभऱ्याची उसळ, भाजी, कोशिंबीर आणि ताक. रात्री सोबत फुटाणे किंवा उकडलेली दोन अंडी ठेवावीत. प्रथिनांकडे विशेष लक्ष द्यावे. वजनाच्या प्रत्येक किलोमागे एक ग्रॅम, म्हणजे तुम्हाला रोज ८० ग्रॅमच्या जवळपास, हे शाकाहारी ताटात डाळ, उसळ, दही, पनीर किंवा सोयाबीन यांची जाणीवपूर्वक भर घातल्याशिवाय जमत नाही. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर हे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

नाशिककराला रविवारची मिसळ सोडा म्हणून सांगण्यात अर्थ नाही आणि तशी गरजही नाही, कारण मिसळीतली मटकी हीच त्या ताटातली उत्तम गोष्ट आहे. फरसाण निम्मे, तर्री बेताची, पाव एक, आणि सोबत जिलेबी आली तर ती दुसऱ्या कोणाला द्यावी. हंगामात द्राक्षे वाटीभर खाल्ल्याने काही बिघडत नाही. मात्र त्यांचा किंवा उसाचा रस पिऊ नये. राहिली दारू. आपल्या जिल्ह्यात वाईन औषधासारखी असल्याचे सांगणारे पुष्कळ भेटतात, पण सुजलेल्या यकृताला ती द्राक्षाची आहे की धान्याची याने फरक पडत नाही. हे वर्षभर तरी पूर्ण बंद ठेवावी. काळी किंवा कमी दुधाची, बिनसाखरेची कॉफी आवडत असेल तर ती जरूर घ्यावी. नियमित कॉफी पिणाऱ्यांत फायब्रोसिस कमी आढळतो, असे अनेक निरीक्षणांत दिसले आहे.

व्यायामाबद्दल थोडक्यात. आठवड्याला एकूण १५० मिनिटे, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने चालावे, मग ते गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर असो की कॉलनीतल्या रस्त्यावर. त्यासोबत आठवड्यातून दोनदा स्नायूंवर भार येणारा व्यायाम हवाच: उठाबशा, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे. व्यायामाने वजन न उतरताही यकृतातील चरबी काही प्रमाणात घटते, म्हणून काटा हलला नाही या कारणाने तो सोडू नये.

पुढचे महिने साधारण कसे जातील, तेही सांगून ठेवतो. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी शौचानंतर आणि काही खाण्यापूर्वी पाहावे, आणि कमरेचा घेर महिन्यातून एकदा मोजावा. पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही आपल्याकडची मर्यादा आहे. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस तुम्ही ८० किलोच्या आसपास असाल, आणि एसजीपीटी आरंभाच्या आकड्यापेक्षा खाली आलेला दिसायला हवा. तो १७ किंवा अधिक युनिटने उतरला असेल तर यकृताच्या आतली सूजही शमत असल्याची ती चांगली खूण मानतात. प्रयोगशाळेच्या कागदावर ४० किंवा ४५ पर्यंत ‘नॉर्मल’ छापलेले असते, पण पुरुषांमध्ये खरा निरोगी आकडा तिशीच्या आसपासचा आहे, म्हणून ४२ ला समाधान मानू नये. उलट वजन व्यवस्थित उतरत असूनही एसजीपीटी तेथेच अडला असेल, तर दुसरे कारण शोधायला हवे. एखादे चालू औषध, थायरॉइड, यकृताचा दुसरा आजार किंवा न सांगितलेली दारू.

चौथ्या-पाचव्या महिन्यात, बहुधा ७८-७९ किलोवर, वजन अडकेल. कमी वजनाच्या शरीराचा खर्चही कमी असतो, त्यामुळे सुरुवातीची ५०० कॅलरींची तूट एव्हाना दोनशे-अडीचशेवर आलेली असते. या टप्प्यावर लोक एक तर जेवण तोडतात, नाही तर सगळेच सोडून देतात. मी येथे दोन-तीन आठवडे आहे तेच वजन टिकवायला सांगतो आणि नंतर रात्रीच्या ताटातली अर्धी पोळी किंवा भात कमी करून चालण्यात रोज दहा-पंधरा मिनिटांची भर घालायला सांगतो. कमरेचा घेर घटत असेल तर काटा स्थिर असतानाही काम चालू आहे असे समजावे.

सोनोग्राफी दर दोन महिन्यांनी करून घेणाऱ्यांना माझा सल्ला असतो की ते पैसे वाचवावेत. ग्रेड ठरवणे तपासणाऱ्याच्या नजरेवर बरेच अवलंबून असते, आणि चरबी साधारण २० टक्क्यांच्या खाली गेली की सोनोग्राफीला ती नीट दिसत नाही, तर निरोगी यकृतात ती ५ टक्क्यांच्या आत असते. म्हणून सहा महिन्यांनी ‘नॉर्मल’ असा अहवाल आला तरी तो निम्म्या वाटेवरचा असू शकतो. आठ-दहा महिन्यांनी, साडेपंचाहत्तरच्या जवळ आल्यावर, एकदा फायब्रोस्कॅन करून घेणे अधिक उपयोगाचे ठरेल. तीन तास उपाशी राहून करायच्या या चाचणीत चरबी आणि यकृताचा ताठरपणा हे दोन्ही वेगवेगळे मोजले जातात. ताठरपणा ८ किलोपास्कलच्या खाली असला की पुढारलेला फायब्रोसिस नाही, असे मानता येते.

औषधांविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरी ‘लिव्हर टॉनिक’ कोणी ना कोणी सुचवेलच. त्याने एसजीपीटी थोडा उतरलेला दिसतो, पण फायब्रोसिस मागे फिरल्याचा भरवशाचा पुरावा नाही. भारतात सॅरोग्लिटाझारसारखी काही औषधे या आजारासाठी लिहून दिली जातात, पण तुमच्या आजच्या आकड्यांवर मी ती सुरू करणार नाही. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन दिले गेले तर यकृताच्या भीतीने ते नाकारू नये. फॅटी लिव्हरमध्ये ते सुरक्षित आहे, आणि या आजारात सर्वाधिक धोका यकृतापेक्षाही हृदयाला असतो.

वजन साडेपंचाहत्तरला आले आणि एसजीपीटी तिशीत स्थिरावला, तरी तुमची प्रकृती मधुमेहाच्या बाजूला झुकणारी असल्याने एचबीए१सी दरवर्षी आणि फिब-४ दर एक-दोन वर्षांनी पाहावा लागेल. वजन मधल्या काळात ७८ च्या वर गेले, तर पुढच्या वार्षिक तपासणीची वाट न पाहता एसजीपीटी तेव्हाच करून घ्यावा.